आईस पत्र : फोनचं कुलूप वेगळं, पैशांची किल्ली वेगळी

माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे, नाशिकला एकटी राहते आणि भाजीपासून लाइटबिलापर्यंत सगळं यूपीआयने भरते. फोनला लॉक मात्र नव्हतं. व्हिडिओ कॉलवर सांगून बघितलं, पण ज्या फोनवर मी दिसते त्याच फोनची सेटिंग्ज उघडायची म्हटलं की आम्ही दोघी गोंधळतो. म्हणून हे पत्र लिहिलं आणि भावाच्या मित्राने प्रिंट काढून तिला नेऊन दिलं. इथे थोडी काटछाट करून देते आहे. तिचा फोन सॅमसंगचा आहे. इतर अँड्रॉइड फोनांवर नावं थोडी इकडेतिकडे होतील, क्रम तोच.

ती. आईस सा. न. वि. वि.

आधी एक अट. हे सगळं तुझं तू करायचं आहेस, मला स्क्रीन दाखवायची नाही आणि एकही आकडा मला सांगायचा नाही. तुझी स्क्रीन लांबून बघता येईल अशी अ‍ॅप आहेत. ती टाकून घेतली असती तर हे काम दहा मिनिटांत झालं असतं. पण फसवणारे लोकही नेमकं तेच अ‍ॅप टाकायला सांगतात. तू एकदा माझ्यासाठी तसं केलंस की पुढच्या वेळी 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याने सांगितलं तरी ते तुला ओळखीचं वाटेल. तेव्हा नियम असा ठेवू : स्क्रीन शेअर कर किंवा पिन सांग असं जो म्हणेल ती मी नाही, आवाज अगदी माझ्यासारखा असला तरी.

तू म्हणतेस, "लॉक कशाला, पैसे पाठवताना पिन लागतोच की." बरोबर आहे, लागतो. पण तो पिन विसरला तर काय करायचं, याचीही सोय त्याच अ‍ॅपमध्ये आहे, आणि खरी गोम तिथेच आहे.

समज, तुझा फोन रिक्षात राहिला. तुझ्या फोनला एक फ्लिप कव्हर आहे, त्यात बँकेचं एटीएम कार्ड आणि मागे आधारची घडी घातलेली झेरॉक्स. फोन ज्याच्या हाती पडला त्याने बोट सरकवलं, फोन उघडला. पैशांचं अ‍ॅप उघडलं. त्याला तुझा यूपीआय पिन माहीत नाही, म्हणून त्याने 'पिन विसरलो' वर टॅप केलं. अ‍ॅपने काय विचारलं? कार्डावरचे शेवटचे सहा आकडे आणि कार्ड कधी संपतं तो महिना-वर्ष. दोन्ही कव्हरमधल्या कार्डावर छापलेलं आहे. मग बँकेने खात्री करायला ओटीपी पाठवला. तो कुठे आला? त्याच फोनवर. आता तो नवा पिन ठरवू शकतो. काही बँका मध्ये एटीएमचा पिनही विचारतात, तिथे तो अडकेल. पण बऱ्याच बँकांत कार्डाऐवजी आधारचाही पर्याय असतो. त्यात आधार क्रमांकाचे पहिले सहा आकडे लागतात आणि पुन्हा ओटीपी. झेरॉक्स मागे आहेच.

म्हणजे तुझा यूपीआय पिन ही तिजोरीची किल्ली खरी, पण दुसरी किल्ली बनवून घ्यायला लागणारं सगळं सामान आपण एकाच कव्हरात भरून ठेवलंय. म्हणून पहिलं काम, ज्याला एकही बटण दाबावं लागत नाही : हे पत्र बाजूला ठेव, कार्ड आणि झेरॉक्स कव्हरमधून काढ आणि कपाटात ठेव. एटीएमला जाशील त्या दिवशी कार्ड पर्समध्ये ने, कव्हरमध्ये नाही. गॅलरीत आधारचा आणि पासबुकाचा फोटो आहे, तोही उडव. उडवलेले फोटो Trash मध्ये काही दिवस पडून राहतात, तिथूनही काढ.

झालं? आता फोनचं कुलूप.

Settings उघड, म्हणजे दातेरी चाकाचं चित्र. वर भिंगाची खूण आहे, तिच्यावर टॅप करून screen lock असं लिही. Screen lock type अशी ओळ येईल ती उघड. सध्या तिथे Swipe दिसेल, म्हणजे नुसतं सरकवणं. PIN निवड. पॅटर्न नको, कारण बोटाच्या तेलकट रेषा काचेवर उमटतात आणि शेजारी बसलेल्यालाही आकड्यांपेक्षा नक्षी जास्त लक्षात राहते.

पिन सहा आकडी घे. तुझं जन्मवर्ष, माझी जन्मतारीख, घर नंबर, गाडीचा नंबर यातलं काही नको. यातलं निम्मं आधारवर छापलंय आणि निम्मं सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुझ्या नोकरीच्या काळातला एखादा आकडा आठव, मस्टरवरचा किंवा जुन्या पासचा, जो मलाही ठाऊक नाही. पिन दोनदा टाकावा लागेल. मग फोन विचारेल की बंद स्क्रीनवर नोटिफिकेशन कशी दाखवायची. तिथे मजकूर लपवायचा पर्याय घे, Hide content. हे फार महत्त्वाचं आहे. नाहीतर फोन कुलूपबंद असूनही ओटीपीचा मेसेज काचेवर वाचता येतो, आणि मग कुलपाचा अर्धा उपयोग गेला. तो प्रश्न आला नाही तर Settings मधल्या Notifications मध्ये Lock screen notifications उघड, तिथे तो पर्याय आहे.

अजून एक ओळ. भिंगात auto lock शोध. Auto lock when screen turns off असं येईल, त्यात Immediately कर. म्हणजे स्क्रीन काळी झाली की लगेच कुलूप.

जमलं की नाही हे कसं ओळखायचं? बाजूचं बटण दाबून स्क्रीन बंद कर, लगेच पुन्हा दाब. पिन मागितला तर कुलूप लागलंय. मग शेजारच्या काकूंना तुला एक मेसेज पाठवायला सांग. बंद स्क्रीनवर नुसती मेसेज आल्याची खूण दिसली आणि मजकूर दिसला नाही, तर तेही झालं.

रोज सहा आकडे टाकायचा कंटाळा येईल, म्हणून बोटाचा ठसाही घाल, त्याच पानावर Fingerprints आहे. भांडी आणि धुण्यामुळे तुझ्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, हिवाळ्यात तर फोन ओळखणारच नाही. युक्ती अशी की एकच अंगठा दोनदा नोंदव, एकदा सरळ धरून आणि एकदा तू भाजी घेताना फोन धरतेस तसा तिरका. अंगठा ओला नको. फोन बंद करून चालू केला की पहिल्यांदा आणि एरवीही अधूनमधून तो पिनच मागेल. ते बिघडल्याचं लक्षण नाही, तसंच असतं.

तुझी भीती मला माहीत आहे. "मला काही झालं तर लोकांनी फोन उघडायचा कसा?" उघडायची गरज नाही. कुलूप असलेल्या फोनवरूनही ११२ लागतो, बंद स्क्रीनवर Emergency call असतं. Settings मध्ये Safety and emergency नावाचा भाग आहे. तिथे तुझी औषधं, रक्तगट आणि दादाचा नंबर घाल. बंद स्क्रीनवरूनही ते बघता येईल अशी परवानगी तिथेच देता येते. माझा नंबर दुसरा घाल, मी तिथवर पोचेपर्यंत दोन विमानं लागतात.

दुसरी भीती, पिन विसरण्याची. इथे दोन पिनांत फरक आहे आणि तो नीट समजून घे. फोनचा पिन विसरलीस तर तो परत मिळत नाही. फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू करावा लागतो, आणि दुसरीकडे साठवून ठेवले नसतील तर तात्यांचे फोटोही जातात. म्हणून तो एका कागदावर लिही आणि कपाटात दागिन्यांच्या डब्यात ठेव. लिहू नये असं सगळे सांगतात, पण तुझा धोका मंडईत आणि रिक्षात आहे, कपाटात नाही. यूपीआय पिन मात्र कुठेच लिहायचा नाही. तो विसरलीस तर काही बिघडत नाही, कपाटातलं कार्ड काढून नवा ठरवता येतो. जे परत मिळत नाही ते लिहायचं, जे नव्याने करता येतं ते लिहायचं नाही.

आता पैशांचं अ‍ॅप. ते उघड, वरच्या कोपऱ्यातल्या तुझ्या चित्रावर टॅप कर आणि Security किंवा Privacy & security असं शोध. आत स्क्रीन लॉकची सोय असते, ती चालू कर. यापुढे अ‍ॅप उघडतानाही अंगठा किंवा पिन मागितला जाईल. पण लक्षात घे, हा पिन म्हणजे फोनचाच पिन. अ‍ॅपने वेगळं कुलूप आणलेलं नाही, घराच्या दाराची किल्ली खोलीलाही चालवली आहे. ज्याला फोनचा पिन कळला त्याला अ‍ॅपही उघडता येईल. म्हणूनच यूपीआय पिन फोनच्या पिनपेक्षा पूर्ण वेगळा हवा. तुझे दोन्ही एकच असणार असा मला दाट संशय आहे, तेव्हा बदल. अ‍ॅपमध्ये तुझ्या बँकेच्या नावावर टॅप केलंस की Change UPI PIN असतं. आधी जुना, मग नवा. याला कार्ड लागत नाही. बदलल्यावर दादाला एक रुपया पाठवून बघ. नवा पिन चालला की काम झालं. घाईत तीनदा चुकवू नकोस, बहुतेक बँका मग त्या दिवसापुरतं अडवतात.

अ‍ॅपमध्ये दोन गोष्टी अधूनमधून विचारल्या जातात. पहिली म्हणजे पिनऐवजी बोट ठेवून पैसे पाठवायची सोय. सोयीची आहे, पण मग कुलूपही अंगठ्याचं आणि तिजोरीही अंगठ्याची. तुझ्यासाठी मला नको वाटते. दुसरी यूपीआय लाइट. त्यात थोडे पैसे आधी काढून ठेवायचे आणि छोटी रक्कम पिन न टाकता द्यायची. हे बटव्यातल्या सुट्या पैशांसारखं आहे. बटवा हरवला तर सुटे गेले, बाकी खातं शाबूत. भाजीवाल्यापुढे प्रत्येक वेळी पिन टाकावा लागत नाही, म्हणून मागचा माणूस तो बघूही शकत नाही. हवं तर ठेव, पण पाचशेच्या वर भरू नकोस.

इथवर केलंस तर फोन चोरणाऱ्याला फोन उघडता येत नाही. पण एक दार उरतं, आणि ते बहुतेक लोक विसरतात. सुई घालून तुझं सिम बाहेर काढायचं आणि दुसऱ्या फोनमध्ये टाकायचं. तुझ्या फोनचं कुलूप तुझ्या फोनलाच आहे, सिमला नाही. सगळे ओटीपी त्या दुसऱ्या फोनवर येतील. यूपीआय अ‍ॅप नव्या फोनवर सुरू करताना त्या सिमवरून बँकेकडे एक एसेमेस जातो आणि नंबर जुळतो की नाही ते बघितलं जातं. सिम खरंच तिथे असल्यामुळे तोही जुळेल. कार्ड कपाटात असल्याने पिन बदलता येणार नाही, हे खरं, पण तुझ्या नावाने व्हॉट्सअ‍ॅप सुरू करून तुझ्या भिशीतल्या सगळ्या बायकांकडे पैसे मागता येतील.

म्हणून सिमलाही पिन असतो. Settings मधल्या भिंगात SIM lock शोध. ते चालू करताना फोन सिमचा सध्याचा पिन विचारतो, आणि इथे थांब. हा पिन तू ठरवलेला नाही, कंपनीने आधीच घातलेला असतो. अंदाजाने टाकू नकोस. तीनदा चुकला की सिम बंद पडतं आणि पीयूके नावाचा आठ आकडी क्रमांक मागतं, तो कंपनीकडूनच मिळतो. तोही दहा वेळा चुकला तर सिम कायमचं निकामी. हे एकच काम घरी एकटीने करू नकोस. तुझ्या सिमच्या कंपनीच्या दुकानात जा, सध्याचा पिन आणि पीयूके विचारून घे, तिथेच SIM lock चालू कर आणि लगेच पिन बदलून तुझा चार आकडी घाल. तो टाइप करताना दुकानातल्या मुलाकडे फोन देऊ नकोस. पीयूके त्याच डब्यातल्या कागदावर लिही.

याचा त्रासही सांगून ठेवते. फोन बंद करून चालू केला की आधी सिमचा पिन आणि मग फोनचा पिन, असे दोन पिन लागतील. सिमचा टाकला नाहीस तर फोन उघडेल, पण कॉल येणार-जाणार नाहीत, आणि मला वाटेल तू उचलत नाहीस. रोजच्या वापरात मात्र तो कधीच विचारला जात नाही. दोन पिन जड वाटत असतील तर हे काम महिनाभराने कर. पण कव्हरमधलं कार्ड आणि फोनचं कुलूप आजच.

एक सोय माझ्यासाठी कर. Settings मध्ये theft शोध, Theft protection येईल. त्यात Theft Detection Lock चालू कर. तू फोनवर बोलत असताना कोणी हिसकावून पळाला तर फोन तो झटका ओळखून स्वतःला कुलूप लावायचा प्रयत्न करतो. दर वेळी जमेलच असं नाही. त्याच पानावर Remote Lock आहे, तेही चालू कर. मग फोन गेला तर मी इथे डब्लिनमध्ये बसून कुठल्याही कॉम्प्युटरवर android.com/lock उघडून तुझा नंबर टाकेन आणि तुझ्या फोनला कुलूप लागेल. फोन इंटरनेटला जोडलेला असेल तरच ते पोचतं, म्हणून मला लगेच कळव. अर्धा तास शोधून मग नको.

फोन गेलाच तर कोणाला आधी सांगायचं याचा कागद लँडलाइनच्या शेजारी चिकटव. त्यावर असं लिही. शेजारच्या काकूंचा फोन घेऊन आधी तुझा नंबर लाव, एखादा भला माणूस उचलेलही. नाही उचलला तर सिमच्या कंपनीला सांगून सिम बंद करून घे, म्हणजे ओटीपी थांबले. मग बँकेला फोन करून यूपीआय आणि कार्ड बंद, आणि तक्रारीचा नंबर वेळेसकट लिहून घे. रिझर्व्ह बँकेच्या नियमात असं आहे की तू कळवल्यानंतर खात्यातून जे जाईल ते बँकेच्या माथी. म्हणून ती वेळ कामाची. त्यानंतर मी. पैसे गेलेले दिसले तर १९३०, हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर. जितका लवकर लावशील तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. पोलिसांत तक्रार देताना फोनचा आयएमईआय क्रमांक विचारतील. तो आत्ताच लिहून ठेव, डायल करायच्या जागी हे टाकलं की दिसतो :

```
*#06#
```

त्या तक्रारीची प्रत घेऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोनच बंद करून टाकता येतो. ते दादा करेल. आणि नवं सिम घेतलंस की पहिले २४ तास त्यावर एसेमेस येत नाहीत. तो नियमच आहे. ओटीपी येत नाही म्हणून घाबरून बँकेत धावू नकोस.

पेन्शनचं खातं यूपीआयला जोडलेलं आहे हे मला आवडलेलं नाही. बँकेत गेलीस की तिथेच एक दुसरं साधं बचत खातं काढ. दर महिन्याला त्यात पाच-सात हजार टाक आणि यूपीआयला फक्त तेच जोड. पेन्शनच्या खात्याचं कार्ड कपाटातून बाहेर काढायचंच नाही. वरची सगळी कुलपं तुटली तरी मग जाईल ते भाजी-किराण्याचं.

एकाच दिवशी सगळं करू नकोस. कार्ड, फोनचा पिन आणि मेसेज लपवणं एवढं आज. अ‍ॅप उद्या. सिमचं दुकान तुझ्या सवडीने. रविवारी मी फोन करते, तुझे संध्याकाळचे सहा म्हणजे माझे दुपारचे दीड. तेव्हा मला पिन सांगू नकोस, फक्त एवढं सांग की काकूंचा मेसेज बंद स्क्रीनवर वाचता आला की नाही.

तुझी,
लेक